"७० टक्के फास्ट" वाला तो मेसेज, आणि पर्थचं स्कोअरकार्ड

"ग्राउंडवर टीम निवडायची सोपी ट्रिक!! आधीच्या मॅचेसमध्ये फास्ट बोलर्सना किती टक्के विकेट्स मिळाल्या ते बघा. ७० टक्क्यांच्या वर असतील तर सगळे फास्ट घ्या, स्पिनर काढून टाका. लाल बॉल, गुलाबी बॉल, टी-ट्वेंटी, सगळीकडे चालतं. पिच रिपोर्ट वगैरे बकवास आहे, आकडे कधी खोटं बोलत नाहीत. प्रत्येक कॅप्टनला फॉरवर्ड करा."

हा मेसेज मला आतापर्यंत चार ग्रुप्सवर आला आणि चारही वेळा मी गप्प बसले. पण परवा तो माझ्या भाच्याने पाठवला. तो कॉलेजच्या टीमचा कॅप्टन आहे, आणि खाली लिहिलेलं, "मावशी, आपल्या ग्राउंडवर फास्टला ७८ टक्के आहेत, त्या डावखुऱ्या स्पिनरला बसवतोय." तेव्हा मात्र डोकं सणकलं, कारण तो पोरगा एवढ्या मेहनतीने बोलिंग करतो आणि त्याला बसवायचं कारण काय तर एक फॉरवर्ड. म्हणून हे लिहितेय. लांब होईल, नाइलाज आहे.

टक्केवारीची जी मुख्य गंमत आहे तिथूनच सुरू करते. डिसेंबर २०१८, पर्थ, भारत-ऑस्ट्रेलिया दुसरी टेस्ट. पर्थ म्हटलं की आपल्याकडे एकच चित्र, वेग आणि उसळी. आता खरं तर ती मॅच जुन्या वाका ग्राउंडवर नव्हतीच, नवीन स्टेडियमवर होती आणि तिथली ती पहिलीच टेस्ट, म्हणजे ज्या इतिहासावर सगळे बोलत होते तो दुसऱ्याच मैदानाचा इतिहास होता, पण ते सोडून देऊ. भारताने चार फास्ट खेळवले, इशांत, बुमराह, शमी, उमेश, आणि एकही रेग्युलर स्पिनर घेतला नाही. अश्विन जखमी होता, जडेजाच्या खांद्याबद्दल नंतर बरंच उलटसुलट बोललं गेलं, ते मान्य. पण समोरच्यांनी तीन फास्ट आणि नेथन लायन खेळवला. लायनने ८ विकेट्स काढल्या, मॅन ऑफ द मॅच झाला आणि आपण १४६ रन्सनी हरलो.

आता मेसेजवाल्या काकांच्या ट्रिकने हीच मॅच मोजा. चाळीसच्या चाळीस विकेट्स बोलर्सच्या नावावर आहेत. त्यातल्या लायनच्या ८ आणि हनुमा विहारीच्या २, म्हणजे स्पिनला १० आणि फास्टला ३०. बरोब्बर ७५ टक्के फास्ट! म्हणजे ज्या मॅचमध्ये स्पिनर न घेतल्याचा फटका सगळ्या जगाने बघितला, तीच मॅच ट्रिकमध्ये टाकली की उत्तर येतं, स्पिनर काढून टाका.

असं का होतं? कारण मेसेजमध्ये ओव्हर्स हा शब्दच नाही. त्या मॅचमध्ये एकूण साधारण ३६४ ओव्हर्स पडल्या आणि त्यातल्या स्पिनच्या फक्त ८३ च्या आसपास, म्हणजे २३ टक्के. २३ टक्के ओव्हर्समध्ये २५ टक्के विकेट्स. म्हणजे स्पिन तिथे फास्टच्या बरोबरीने, किंचित जास्तच विकेट्स काढत होतं, आणि ते ७५ टक्के जे दिसतात ते एवढंच सांगतात की फास्ट बोलर्सच्या हातात बॉल जास्त वेळ होता. ज्याला जेवायला चार ताटं वाढली त्याने जास्त खाल्लं यात नवल ते काय.

फक्त ऑस्ट्रेलियाची बाजू घेतली तर अजून स्वच्छ दिसतं. लायनने दोन्ही डाव मिळून ५३.५ ओव्हर्स टाकल्या, ८ विकेट्स, १०६ रन्स. स्टार्क, हेझलवुड आणि कमिन्स या तिघांनी मिळून १०८ ओव्हर्समध्ये १२. म्हणजे लायनला एका विकेटला साधारण ४० बॉल लागले आणि त्या तिघांना ५४. तेही जगातल्या सर्वात चांगल्या फास्ट बोलर्सपैकी तिघे, उसळीच्या पिचवर. कोणी म्हणेल लायनने नुसते तळाचे बॅट्समन गुंडाळले असतील. पहिल्या डावात हो, त्याच्या पाचात शमी, इशांत, बुमराह होते. ते तिघे काढून टाका, तरी रहाणे, विजय, कोहली आणि दोन्ही डावांत पंत उरतात. उसळी काय फक्त फास्टसाठी असते का? बॉलला वरून फिरकी देणाऱ्या ऑफ स्पिनरला तीच उसळी मिळते, आणि डावखुऱ्या स्टार्कच्या पायांनी उजव्या बॅट्समनच्या ऑफ स्टंपबाहेर जी जमीन उकरली जाते ती त्याला फुकटात मिळते. हे पिच बघून कळतं, आणि त्यालाच मेसेजमध्ये बकवास म्हटलंय.

पण माझ्या मते यातला खरा धडा आपल्या बाजूच्या आकड्यांत आहे. कॅप्टनसमोर प्रश्न "फास्ट की स्पिन" असा नसतोच. बुमराह खेळणारच असतो, शमी खेळणारच असतो. प्रश्न शेवटच्या एका जागेचा असतो, चौथा फास्ट घ्यायचा की पहिला स्पिनर. आणि त्या प्रश्नाला सगळ्या फास्टची एकत्र टक्केवारी काडीचा उपयोग नाही, कारण ती टक्केवारी पहिल्या दोघा-तिघांनी कमावलेली असते. पर्थमध्ये आपला चौथा फास्ट धरू उमेश. दोन्ही डाव मिळून ३७ ओव्हर्स, १३९ रन्स, २ विकेट्स. आणि विहारी, जो मुळात बॅट्समन, ज्याला कोणी बोलर म्हणून घेतलंच नव्हतं, त्याने २८ ओव्हर्समध्ये ८४ रन्स देऊन २ विकेट्स घेतल्या. पार्ट-टाइम माणूस चौथ्या फास्टपेक्षा स्वस्तात पडला! त्याच मॅचमध्ये शमीने दुसऱ्या डावात ५६ रन्समध्ये ६ घेतल्या, त्या सगळ्या फास्टच्या खात्यात जमा होणार आणि पुढच्या वेळी त्यांच्या जोरावर उमेशची जागा पक्की होणार. आहे का याला अर्थ?

दुसरं म्हणजे ही ट्रिक स्वतःचीच शेपटी पकडून गोल फिरते. २०१९ ची ईडन गार्डन्सची गुलाबी बॉलची टेस्ट घ्या, बांगलादेशविरुद्धची. आपल्या फास्ट बोलर्सनी १९ विकेट्स घेतल्या, एक बॅट्समन जखमी होऊन गेला, स्पिनला शून्य. आता शून्य टक्के बघून तुम्ही म्हणाल स्पिनर बिनकामाचा. पण बांगलादेशचा पहिला डाव ३०.३ ओव्हर्समध्ये आटपला आणि त्यात स्पिनची किती ओव्हर होती? एक. जडेजाची. अश्विनला त्या डावात बॉल दिलाच नाही. इशांत-उमेश तसेच सुटले होते, त्यामुळे गरज पडली नाही, निर्णय बरोबर होता. पण त्यावरून त्या मैदानावर स्पिन चाललं असतं की नाही हे कळत नाही, कारण ते नीट तपासलंच गेलं नाही. आता या शून्यावरून पुढचा कॅप्टन स्पिनर काढणार, मग परत शून्य, की मेसेजवाले म्हणणार बघा, सिद्ध झालं.

गुलाबी बॉलचं म्हणाल तर त्याला एकच उत्तर पुरे. फेब्रुवारी २०२१, अहमदाबाद. इंग्लंडने गुलाबी बॉल म्हणजे फास्टचा बॉल असं धरून अँडरसन, ब्रॉड, आर्चर खेळवले आणि रेग्युलर स्पिनर एकटा लीच. मॅच दोन दिवसांत संपली, ३० विकेट्स पडल्या, त्यातल्या २८ स्पिनला. जो रूटने स्वतः बॉल हातात घेतला आणि ८ रन्समध्ये ५ काढल्या, यातच काय ते आलं.

टी-ट्वेंटीवर थोडक्यात लिहिते. तिथे शेवटच्या ओव्हर्स बहुतेक फास्टच टाकतात आणि तेव्हा बॅट्समन डोळे मिटून फिरवत असतो. विसाव्या ओव्हरमध्ये नववा बॅट्समन लाँग-ऑनला कॅच देतो ती पण एक विकेट, आणि नवव्या ओव्हरमध्ये स्पिनर सेट झालेल्या ओपनरला स्टंपिंग करवतो ती पण एकच. मोजणाऱ्याला दोन्ही सारख्या. शिवाय दव असेल तर पहिल्या डावाचं स्पिन आणि दुसऱ्या डावाचं स्पिन हे दोन वेगळे खेळ आहेत, ते एकत्र करून जी टक्केवारी येते ती कुठल्याच डावाची नसते.

आता मान्य करायचं तेवढं करते, नाहीतर म्हणतील मावशी स्पिनवाली आहे. सगळे फास्ट खेळवणं कधी कधी बरोबर असतं. जानेवारी २०१८, जोहान्सबर्ग, भारताने पाच फास्ट घेतले, स्पिनर शून्य, वीसच्या वीस विकेट्स फास्टनी काढल्या आणि ६३ रन्सनी जिंकलो. पण ते समोरचं पिच बघून आणि पाचवा फास्ट म्हणून बॅटिंग करणारा हार्दिक हाताशी होता म्हणून. आणि हो, जुने आकडे अजिबात बघू नका असं मी म्हणतच नाहीये. टक्केवारी कुठे बघायला सुरुवात करायची एवढं सांगते, बास.

भाच्याला मी जे सांगितलं ते असं. स्कोअरबुक काढ. रन-आउट सोड. प्रत्येक बोलरचे बॉल मोज आणि किती बॉलला एक विकेट पडली ते काढ, रन्स पण शेजारी लिही. फास्ट आणि स्पिनची नुसती बेरीज करू नको, पहिले दोन फास्ट वेगळे आणि तिसरा-चौथा वेगळा लिही, कारण तुझा निर्णय त्या चौथ्याबद्दल आहे. पहिल्या सहा बॅट्समनच्या विकेट्सवर खूण कर. पहिला डाव आणि दुसरा डाव वेगळा ठेव. आणि मॅच कुठल्या पट्टीवर झाली हे आठवत असेल तर तेही लिही, कारण एकाच मैदानावर चार-पाच पट्ट्या असतात आणि कडेच्या पट्टीचे आकडे मधल्या पट्टीला लागू होतीलच असं नाही. एवढं करून जर एखाद्याचे साठ-सत्तरच बॉल निघाले तर त्याच्याबद्दल आकडा काही बोलत नाहीये असं समज, कारण एक सुटलेला कॅच पकडला असता तर सगळं चित्र उलटं झालं असतं. तिथे नेट्समध्ये जाऊन डोळ्यांनी बघावं लागतं.

तो म्हणाला एवढं कोण करणार. मी म्हटलं बरं, नको करू, फक्त एकच सांग, त्या डावखुऱ्याने आपल्या ग्राउंडवर एकूण किती ओव्हर्स टाकल्यात? मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या आणि पोरगा गायब. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कोअरबुकचे फोटो आले आणि खाली एक ओळ, "मावशी, ७ मॅचमध्ये ११."

म्हणजे ६६ बॉल. रविवारी तो डावखुरा खेळतोय, आणि दहाव्या ओव्हरच्या आधी त्याच्या हातात बॉल देईन असं भाच्याकडून कबूल करून घेतलंय.