‘इंडिया’ सर्व्हर भारतातच असतो असे नाही

‘व्हीपीएन लावला की नेट निम्म्यावर येतं, पण इंडिया सर्व्हर निवडला की काही फरक पडत नाही, हे खरं आहे का?’

वेग थोडा घटतोच. मात्र ‘निम्मा’ असा ठरलेला आकडा नाही. सांकेतिकीकरणाचा भार आजचे फोन सहज पेलतात. खरा तोटा होतो तो अंतरामुळे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणून ऐरोलीहून सुमारे ३,९०० किलोमीटरवरील सिंगापूरला जाऊन परतायला किमान ३९ मिलिसेकंद लागतात, आणि केबल सरळ रेषेत नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक.

दाव्याचा दुसरा भाग अधिक फसवा आहे. २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे जपण्याचा आदेश दिल्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातील सर्व्हर काढून घेतले. त्यानंतरही यादीत दिसणारा ‘इंडिया’ हा पुष्कळदा केवळ भारतीय आयपी पत्ता देणारा, पण परदेशात ठेवलेला सर्व्हर असतो. अशा वेळी ऐरोलीतून मुंबईतले संकेतस्थळ उघडले, तरी माहिती समुद्रापार जाऊन परत येते.

खात्रीसाठी व्हीपीएन बंद ठेवून सर्व्हरच्या पत्त्यावर `ping` ही आज्ञा चालवून जाण्या-येण्याचा वेळ पाहावा. दहाच्या आत मिलिसेकंद आले तर सर्व्हर खरोखर जवळ आहे; साठ-सत्तर आले तर तो बहुधा मुंबई परिसरात नाही. (काही सर्व्हर उत्तरच देत नाहीत; तेव्हा जोडणी करून एखाद्या मुंबईतील पत्त्याला लागणारा वेळ पाहावा.) परदेशी संकेतस्थळ वापरायचे असेल, तर त्याच्या वाटेवरचा सर्व्हर निवडल्यास वळसा कमी पडतो.