गॅस कॅप घट्ट केली की चेक इंजिन लाइट लगेच जाते? नाही जात

"चेक इंजिन लाइट लागली? घाबरू नका, गॅस कॅप सैल असेल. घट्ट करा, गाडी बंद करून चालू करा, लाइट लगेच जाते. ब्लिंक होत असली तरी हेच करा. नाहीच गेली तर बॅटरीची वायर काढून परत लावा."

हा फॉरवर्ड न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीकडे आला आणि लाइट ब्लिंक होत असताना ती कॅप आवळून तशीच हायवेला लागली, म्हणून आधी ब्लिंकचंच बोलतो. सैल गॅस कॅपमुळे, म्हणजे पेट्रोलच्या टाकीच्या सैल झाकणामुळे, लाइट ब्लिंक होत नाही, नुसती लागून राहते. ब्लिंक म्हणजे इंजिन जोरात मिसफायर होतंय, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल नीट जळत नाहीये, ते न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतंय, आणि तो वितळला तर खर्च हजार डॉलरच्या पुढे जाऊ शकतो. अशा वेळी वेग कमी करा, गाडी बाजूला घ्या, टो करा. कॅपला हात लावून काही होणार नाही.

आता कॅपचं. सैल कॅपने लाइट लागते हे खरंय, तेवढं मान्य. अमेरिकेतल्या गाड्या टाकीतून पेट्रोलची वाफ गळते का हे स्वतः तपासतात, गळती सापडली की गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये P0457 किंवा P0455 हा दोषाचा कोड नोंदला जातो. पण बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन ट्रिपमध्ये टेस्ट फेल झाल्याशिवाय लाइट लागत नाही, म्हणून शुक्रवारी पेट्रोल भरलं तर लाइट रविवारी किंवा सोमवारी लागते आणि कॅप कोणाला आठवतच नाही.

जायलाही तसाच वेळ लागतो. गाडीने स्वतःचे दोष कसे तपासायचे हे ठरवणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या ओबीडी नियमात, कलम १९६८.२ मध्ये, स्वच्छ लिहिलंय की टेस्ट लागोपाठ तीन ट्रिपमध्ये पास झाली की लाइट विझते. आणि ही टेस्ट प्रत्येक ट्रिपला होतच नाही, गाडी रात्रभर उभी राहून इंजिन थंड झालेलं लागतं आणि टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली लागते. फुल टँक करून कॅप आवळली तर टाकी थोडी उतरेपर्यंत टेस्ट सुरूच होणार नाही, मग आठवडाही जातो. इंजिन बंद-चालू करून काय होणार?

बॅटरीची वायर काढली तर लाइट जाते, पण कोडही पुसला जातो आणि गाडीच्या कोणत्या तपासण्या पूर्ण झाल्या हे दाखवणारे सगळे रेडिनेस मॉनिटर शून्यावर येतात, त्या अवस्थेत प्रदूषणाच्या इन्स्पेक्शनला गेलात तर गाडी परत पाठवतात.

त्यापेक्षा कॅप क्लिक होईपर्यंत फिरवा, रबरी रिंगला चीर आहे का बघा, आणि गाडीला जोडायच्या वीसेक डॉलरच्या रीडरने कोड वाचा. दहा-बारा दिवस नेहमीसारखी गाडी चालवूनही लाइट गेली नाही तर कॅप बदला, तरीही तोच कोड आला तर टाकीतली वाफ सोडणारे-अडवणारे पर्ज किंवा व्हेंट व्हॉल्व्ह तपासून घ्या.

आणि हा मेसेज पुण्याच्या ग्रुपवर पाठवणाऱ्यांनो, भारतातले नियम युरोपच्या धर्तीवर आहेत, तिथल्या बहुतेक गाड्या टाकीची गळती तपासतच नाहीत, त्यामुळे तिथे लाइट लागली तर झाकणाच्या मागे न लागता सरळ कोड वाचून घ्या.