लग्नाच्या वाढदिवसाचं पत्र : काहीही कबूल न करता कसं लिहावं

ज्यांचं वर्ष बरं गेलं त्यांनी केक कापावा आणि झोपावं. हा सल्ला त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरात गेले काही महिने माणसांपेक्षा भांडीच जास्त बोलली आणि आता लग्नाचा वाढदिवस तोंडावर आला आहे. पत्र तर लिहायलाच हवं, पण त्यात काही सापडता कामा नये.

ठाणेकरांना नमुना शोधायला लांब जावं लागत नाही. तीन हात नाक्यापासून घोडबंदर रोडपर्यंत कुठलाही शुभेच्छांचा फलक बघा. हसरा फोटो, चार विशेषणं आणि 'हार्दिक शुभेच्छा'. वर्षभरात काय केलं, काय राहिलं, याचा एक शब्द नाही. पत्र असंच हवं. 'काळ कठीण होता, पण आपण तरलो' लिहा. काळावर ढकललं की काळ काही उलट बोलत नाही.

याच्या उलट कासारवडवलीतल्या एका गृहस्थांनी केलं. त्यांचं पत्र मी वाचलं. (बायकोनेच दाखवलं. लेखी देण्यातला हा धोका आधीच लक्षात घ्या.) पहिलंच वाक्य असं : "नोव्हेंबरात माझी नोकरी गेली आणि मी तुला ते फेब्रुवारीत सांगितलं. तोवर तू भरलेला डबा घेऊन मी रोज निघत होतो आणि तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून तो खात होतो."

महिना, जागा, डबा, सगळं स्वतःच्या हाताने लिहून दिलं! बरं, पुढे निदान 'तुझं मन दुखावलं असेल तर माफ कर' असं तरी लिहायचं. त्या 'असेल तर'मध्ये मोठी सोय असते : दुखावलं की नाही, ते सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर जाते. यांनी लिहिलं, "त्या महिन्यांत घराचा हप्ता तुझ्या एकटीच्या पगारातून गेला. तुझ्या आईने विचारलं तेव्हा तू माझ्यासाठी खोटं बोललीस. हे माझ्यामुळे झालं." आणि तिथे पूर्णविराम. 'पण मलाही टेन्शन होतं' हे हुकमी वाक्य हाताशी असून वापरलं नाही. 'पण'च्या आधीची माफी कुणी ऐकत नाही हे त्यांना बहुधा ठाऊक असावं. आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तर आपण 'पण' लिहितो.

त्यांचीही एक तक्रार होती. बायको तिच्या दादासमोर त्यांना 'बिनकामाचा' म्हणाली होती. इथे तरी संधी साधायची! जॉन गॉटमन नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एखाद्या प्रसंगाची तक्रार आणि माणसाच्या स्वभावावरची टीका यांत फरक करतात, आणि संसाराला दुसरी जास्त घातक, असं त्यांचं म्हणणं. मग वापरायची कुठली हे उघड आहे : 'तुमच्या माहेरचं वळणच तसं.' गृहस्थ काय लिहितात? "दादासमोर तू जे बोललीस ते मला लागलं. तेवढं सांगायचं होतं." सासर-माहेर नाही, मागच्या दिवाळीचा हिशेब नाही. इतकी चांगली तक्रार एका ओळीत वाया घालवली.

पत्राचा शेवट तरी गोड हवा ना? 'सात जन्म' लिहायला पैसे पडत नाहीत आणि पुढच्या जन्मी कुणी विचारायलाही येत नाही. आमचे गृहस्थ मात्र याच जन्मात अडकले. "सगळं ठीक झालंय असं मी म्हणणार नाही. माझा फोन वाजला की तू अजून स्क्रीनकडे बघतेस. बघत जा. राग कधी जाईल ते तू ठरव, मी घाई करणार नाही. मला मात्र तुझ्याबरोबरच राहायचंय. वाईट बातमी असेल ती त्याच रात्री सांगेन, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला दोघांनी बसून बँकेचं खातं बघायचं."

असलं वचन देऊ नये. 'तुला कायम सुखात ठेवीन' हे मोडलं की नाही, कुणाला कळत नाही. पाच तारखेला खातं उघडलं नाही, तर सहा तारखेला कळतं.

वेळही चुकली. पत्र पाहुण्यांसमोर, केकच्या बाजूला द्यायचं असतं. चार माणसांत बायकोला हसावंच लागतं. यांनी रविवारी दुपारी, मुलगी क्लासला गेल्यावर दिलं आणि स्वतः समोर बसून राहिले. उत्तर मागितलं नाही, स्टेटसला फोटो टाकला नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. बाईंच्या डोळ्यांत पाणी नाही, मिठी नाही. दोनदा वाचलं, फ्रिजवरचं पेन घेतलं, 'पाच तारखेला' खोडलं आणि वर लिहिलं : 'सातला. माझा पगार सातला होतो.'