पाळी गेल्यानंतरचा लाल डाग

‘पाळी गेल्यावर थोडं लाल गेलं तर ती उष्णता. दुखत नसेल तर घाबरू नका. पिशवीतला तुकडा काढू देऊ नका, कॅन्सर असला तर पसरतो. त्यापेक्षा सरळ पिशवीच काढून टाका.’ (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या महिला ग्रुपांवर फिरणारा मेसेज)

सलग बारा महिने पाळी नाही आणि मग एखादाच डाग पडला, तरी दाखवायचं. बहुतेक जणींत कारण साधं निघतं: पिशवीचं आतलं अस्तर सुकलेलं असतं किंवा आत मस्सा असतो. पण साधारण दहांतल्या एकीला अस्तराचा कॅन्सर असतो, आणि नुसत्या डागावरून ती एक कोण हे कुणालाच सांगता येत नाही. धने-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या, फक्त त्यात महिने घालवू नका.

दुखत नाही हे तर या आजाराचं सुरुवातीचं नेहमीचं रूप. गाठ अस्तरात उगवते, तिथल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्ताला खालची वाट मोकळीच असते. म्हणून गाठ पिशवीबाहेर जाण्याआधीच डाग दिसतो, आणि बहुतेक जणींत हा कॅन्सर लवकर सापडतो. पिशवीपुरता असताना सापडला तर दहांतल्या नऊ जणी तरी पाच वर्षांनंतरही हयात असतात.

आता तुकड्याचं. समजा खानापूरकडच्या अठ्ठावन्न वर्षांच्या काकू, वजन जास्त, शुगर आहे. आतून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ११ मिलिमीटर निघालं. ते ४ किंवा त्याहून कमी असतं तर कॅन्सरची शक्यता फारच थोडी. काकूंचं त्याहून जाड आहे, म्हणून ओपीडीतच, भूल न देता, रिफिलएवढी बारीक प्लास्टिकची नळी पिशवीत सरकवतात. आतला दांडा ओढला की अस्तराचे कण नळीत येतात. पाळीसारखी कळ येते, बहुतेकदा थोड्या वेळात ओसरते. कण फॉर्मलिनच्या बाटलीतून लॅबला जातात. याने कॅन्सर पसरून आयुष्य कमी होतं, असं दिसलेलं नाही.

‘सरळ पिशवी काढा’ हा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो. रिपोर्टमध्ये कॅन्सर नसेल तर बहुतेकदा ऑपरेशनच लागत नाही. असेल तर ऑपरेशन वेगळं: पिशवी तुकडे न करता अखंड काढतात, सोबत नळ्या आणि बीजकोश, गरजेप्रमाणे लसिकागाठीही तपासतात. आधी माहीत नसेल तर हे राहून जातं आणि पोट पुन्हा उघडायची वेळ येऊ शकते.

नळीलाही मर्यादा आहे. ती अस्तराचा थोडाच भाग ओढते, एका कोपऱ्यातला मस्सा तिच्या हाती लागत नाही. म्हणून ‘नमुना अपुरा’ म्हणजे ‘काही नाही’ नव्हे. रिपोर्ट चांगला येऊनही पुन्हा लाल गेलं, तर दुर्बिणीने आत बघून क्युरेटिंग करावं लागतं. आणि पॅप टेस्ट नॉर्मल आली म्हणून थांबू नका, ती पिशवीच्या तोंडाची तपासणी आहे, अस्तराची नाही.