‘हलके काम द्यावे’ एवढ्यावर भागत नाही

“मणक्याच्या दुखापतीनंतर कामावर जाताय? डॉक्टरांकडून पत्रात फक्त ‘हलके काम द्यावे’ एवढंच लिहून घ्या, जास्त तपशील दिला तर मालक अडचणीत आणतो. आजाराचं नाव ठळक लिहा म्हणजे सहानुभूती मिळते. मुदत लिहू नका. आणि बसून काम मागा, बसल्यावर मणक्याला आराम मिळतो. सर्वांना पाठवा!”

हा मेसेज लोकांनी सर्वांना पाठवलाच आहे. मला तो तीन जणांकडून आला, आणि तिसरे होते माझे भावोजी. त्याच्या आठ आठवडे आधी ते शिडीवरून पडले होते. कंबरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने दबला, पण मोड स्थिर होता, मज्जारज्जू आणि नसा शाबूत होत्या. सर्जनने ऑपरेशन न करता ब्रेस दिला आणि तेव्हा नुकतीच मर्यादित काम करायची परवानगी दिली होती. भावोजींनी मेसेज प्रमाण मानला, “हलके काम द्यावे” अशी एका ओळीची चिठ्ठी घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ताईचा फोन आला की हे अंथरुणातून उठत नाहीयेत.

मी एका कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. अशी पत्रं मी लिहिते, आणि बाहेरून आलेली वाचून सुपरवायझरला समजावतेही. त्यामुळे त्या एका ओळीचं काय होतं ते मला ठाऊक आहे. सुपरवायझर ती वाचतो आणि मनात म्हणतो, हलकं म्हणजे वजनाला हलकं. भावोजी गोदामात काम करतात. त्यांना पंचवीस किलोच्या पोत्यांवरून काढलं आणि तीन-चार किलोच्या खोक्यांवर लावलं. माणूस चांगला होता, त्याच्या मते त्याने पत्र तंतोतंत पाळलं. फक्त ती खोकी रॅकच्या सगळ्यात खालच्या फळीवर होती.

इथे थोडं थांबू या, कारण सगळी मेख याच ठिकाणी आहे. 1999 साली हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कंबरेच्या दोन मणक्यांमधल्या चकतीत दाब मोजणारा सेन्सर बसवला आणि रोजच्या हालचालींत तो दाब किती होतो हे नोंदवलं. सरळ उभं राहिल्यावर दाब 0.5 मेगापास्कल. रिकाम्या हातांनी पुढे वाकल्यावर 1.1. वीस किलोचं वजन अंगाशी धरून उभं राहिल्यावरही 1.1! म्हणजे हातात काहीही नसताना नुसतं वाकणं हे वीस किलो छातीशी धरण्याइतकं पडलं. तेच वीस किलो पाठ गोल करून उचललं तेव्हा आकडा 2.3 वर गेला.

मोजणी एकाच माणसावरची आहे, तीही शाबूत चकतीत, मोडलेल्या मणक्यात नव्हे. म्हणून हे आकडे कुणाच्या पत्रात उतरवायचे नसतात. पण भावोजींच्या बाबतीत कारण उलट आणखी पक्कं होतं. वाकल्यावर मणक्याच्या पुढच्या भागावर भार येतो, आणि त्यांचा दबला होता तो नेमका पुढचाच भाग. दिवसभरात खालच्या फळीवरून पन्नास-साठ खोकी उचलली, म्हणजे तितक्या वेळा त्याच जागी भार दिला. खोक्यात कापूस असता तरी फार फरक पडला नसता, कारण वाकताना धडाचं वजन तर आपलंच असतं.

तेव्हा पत्रात आधी उंची यायला हवी, मग अंतर, आणि किलो शेवटी.

“बसल्यावर आराम” हे तर त्याच मोजणीत तपासता येतं. टेकू न घेता बसल्यावर 0.46, म्हणजे उभं राहण्याच्या जवळपास तितकंच. बसून पूर्ण पुढे झुकल्यावर 0.83. मागे रेलून पाठ टेकवली की दाब कमी होतो, पण नोंदवही टेबलावर ठेवून लिहिणारा माणूस रेलून बसतो का? भावोजींना दुसऱ्या दिवशी दया म्हणून नोंदी लिहायला बसवलं होतं, पाठ न टेकवता येणाऱ्या स्टुलावर, चार तास. ब्रेस पोटात रुतला तो वेगळाच.

आजाराच्या नावाबद्दल थोडक्यात. सुपरवायझरला मोडाचं नाव कळून काय करायचं आहे? त्याला हवं आहे ते इतकंच की हा माणूस काय करू शकतो आणि काय नाही. निदान रुग्णाचं खासगी असतं आणि त्याच्या संमतीशिवाय ते पत्रात जाऊ नये. “मणका मोडलेला” हे शब्द वाचून सहानुभूतीपेक्षा भीती जास्त वाटते, आणि भ्यालेला मालक सरळ घरी बसवतो.

आता मेसेजमधलं अर्धं खरं, नाइलाजाने. तपशील वाढवला की मालक अडतो, हे होतं. मी स्वतः पंधरा मनाई असलेली पत्रं पाहिली आहेत, आणि ती वाचून “मग यांना देऊ तरी काय?” हा प्रश्न मलाही पडलाय. पण त्यावर उपाय तपशील गाळणं नाही. मनाया मोजक्या ठेवायच्या, आणि त्यांच्या आधी काय जमतं ते लिहायचं.

भावोजींच्या सर्जनशी बोलून नवं पत्र तयार झालं. सुरुवातच अशी: “उभे राहून आणि चालत करायचे काम, तपासणी, मोजणी, लेबल लावणे, कमरेच्या उंचीच्या टेबलावरील पॅकिंग करू शकतील.” मग मर्यादा. गुडघा ते जमीन या पट्ट्यातून आणि खांद्याच्या वरून काहीही उचलू नये. कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीत, अंगाजवळ धरून, पाच किलोपर्यंत. वजन हातात असताना कंबर पिळू नये, पाय वळवावेत. सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसणे नको, बसायचे तर पाठ टेकणारी खुर्ची. हादरे देणारे वाहन चालवू नये. पहिले दोन आठवडे रोज चार तास, पुढचे दोन सहा तास. हे आकडे त्यांच्या मोडासाठी, त्यांच्या सर्जनने मान्य केलेले आहेत. कुणी उचलून स्वतःच्या पत्रात चिकटवू नयेत, नाहीतर माझाही एक फॉरवर्ड व्हायचा.

आणि मुदत. मेसेज म्हणतो लिहू नका. मुदत नसलेलं पत्र पाहिलं की मालकाला वाटतं हा माणूस कायमचा असाच राहणार, आणि तो कायमचीच व्यवस्था शोधू लागतो. शिवाय मणका भरत जातो तशी मर्यादाही सैल व्हायला हवी. आम्ही चार आठवड्यांनंतरची फेरतपासणीची तारीख घातली. मुदत वाढवायची असेल तर त्या दिवशी वाढते, त्यात हरकत काय?

पायात नवी कमजोरी, जांघेत बधिरपणा किंवा लघवी अडणं यांपैकी काही झालं तर मात्र पत्राची वाट पाहायची नाही, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. ते ताईला वेगळं सांगितलं.

सुपरवायझरने नवं पत्र वाचून एकच प्रश्न विचारला, “मग खालच्या फळीचं कोण काढणार?” दुसऱ्या माणसाने काढून टेबलावर ठेवायचं, भावोजींनी तपासून लेबल लावायचं, असं ठरलं. फेरतपासणीत पाच किलोचे आठ झाले. खालची फळी अजून बंद आहे, आणि भावोजींनी तो मेसेज डिलीट केला की नाही ते मी विचारलेलं नाही.