‘परक्याच्या जिभेला विचारून’: एका प्रतिक्रियेला उत्तर

«ताई, लेख वाचला. सांगलीत जन्मलेल्या पोरीचं नाव परक्याच्या जिभेला विचारून ठेवायचं, ही गुलामी नाही तर काय? शोधायला गेलं तर प्रत्येक नावाचा कुठल्या तरी भाषेत वाईट अर्थ निघणारच. ‘ळ’ फक्त मराठीत आहे हे तर धडधडीत चूक. आम्ही नातवाचं नाव क्षितिज ठरवलंय, दाखल्यावर चढवायचं बाकी आहे, कुणाला म्हणता येवो न येवो. चार वर्षं बाहेर राहून आलेल्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये. — एक अस्सल सांगलीकर»

माझा लेख होता तो यावर, की मुलाचं नाव ठेवताना ते मोठ्या भाषांत कसं वाचलं जातं आणि तिथे त्याचा काय अर्थ निघतो हे आधी तपासून घ्यावं. त्यात ‘ळ’ फक्त मराठीत आहे अशी एक ओळही होती. आधी त्या ‘ळ’चं. ती माझी चूक आहे आणि मी ती मान्य करते. कानडीत ‘ळ’ आहे, तमिळ-मल्याळममध्ये आहे, गुजरातीतही आहे. मिरजेच्या पुढे गाडी गेली की तासाभरात कानडी पाट्या लागतात, त्या लहानपणापासून बघत आलेल्या बाईनं तरी असं लिहायला नको होतं. ती ओळ लेखात दुरुस्त केली आहे.

आता तुमच्या सुराबद्दल. ‘ताई’ म्हणून सुरुवात केलीत आणि दुसऱ्याच वाक्यात मला गुलाम ठरवलंत. मुद्दा पटला नाही असं साध्या शब्दांत सांगता आलं असतं, मी ऐकून घेतलं असतं. आणि सांगलीकरपणाचा दाखला तुम्ही मला का मागावा? मी गावभागात वाढले. दोन महापुरात आमच्या घरात पाणी आलेलं पाहिलंय. बाहेर होते ती चार नव्हे, सहा वर्षं, तीही पोटासाठी, आणि परत आले ती याच घरात. शिवाय नावाचा एवढा अभिमान असलेल्या माणसानं स्वतःचं नाव लपवून प्रतिक्रिया लिहावी, हे मला खटकलं. माझं नाव या पानावर सगळ्यात वर आहे: ज्ञानदा.

त्या नावावरच बोलू, कारण तुमचं ‘परक्याची जीभ’ हे वाक्य मला तिथेच लागलंय.

मराठीत आपण ‘ज्ञ’ म्हणतो तो ‘द्न्य’, हिंदीत तोच ‘ग्य’ होतो, आणि संस्कृतचे अभ्यासक रोमनमध्ये लिहिताना ‘jñ’ लिहितात. म्हणजे माझं एकच नाव Dnyanada, Gyanada आणि Jnanada अशा तीन तऱ्हांनी लिहिता येतं आणि तिन्ही बरोबर आहेत. पासपोर्टवर पहिलं आहे. शिक्षणाच्या एका कागदावर मात्र कुणीतरी हिंदी वळणानं दुसरं टंकलं, आणि ही दोन माणसं नसून एकच आहे हे पटवायला मला प्रतिज्ञापत्र करावं लागलं, तेही भारतात. यात परक्याची जीभ कुठे आली? तिथे सगळे आपलेच होते.

जर्मनीत काय व्हायचं तेही सांगते. दवाखान्यात नर्स दारात यायची, हातातला कागद बघायची आणि थांबायची. शब्दाच्या सुरुवातीला D आणि n लागोपाठ आले की तिथल्या माणसाला तोंड कसं उघडावं तेच कळत नाही. हळूहळू मला सवय लागली. कुणी कागद बघून गप्प झालं की माझा नंबर आला समजून मी उठायचे. सहा वर्षं मी नाव ऐकून उठले नाही, शांतता ऐकून उठले. तुम्ही याला गुलामी म्हणा. माझ्या भाचीला मला ते द्यायचं नव्हतं.

हो, भाची. तुम्हाला वाटतंय तसं मी कुणा परक्याच्या पोरीवर प्रयोग केलेला नाही. बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि ती आत्या मी होते. माझा भाऊ आणि वहिनी दोघंही अशा नोकरीत आहेत की दोन-तीन वर्षांनी देश बदलतो. पोरगी कुठल्या बालवाडीत जाईल हे आज कुणी सांगू शकत नाही. अशा घरात नाव ठेवताना मी जिभेला विचारलं नाही, रोमन अक्षरांना विचारलं. ती अक्षरं प्रत्येक देश आपल्या पद्धतीनं वाचतो आणि मूल त्या वाचण्यावर ओळखलं जातं. लेखात मी हे तीन ओळींत उरकलं होतं, आता नीट सांगते.

आमच्यापुढे तीन नावं होती. आईला तुळजा हवं होतं, वहिनीला इरा, भावाला मीरा. मी ही नावं जुन्या सहकाऱ्यांना पाठवली. एक जर्मन, एक स्पॅनिश, एक अमेरिकन. आधी फक्त रोमन लिपीत, उच्चार न सांगता, आणि म्हटलं, मोठ्यानं वाचून आवाज पाठवा. दोन दिवसांनी माझ्या आवाजात तीच नावं पाठवली आणि विचारलं, ऐकून काय आठवतं? ‘वाईट अर्थ आहे का’ असं विचारू नये. समोरचा भिडेपोटी ‘छान नाव आहे’ म्हणतो आणि विषय संपतो. काय आठवतं म्हटलं की खरं बाहेर येतं. डोळ्यांची आणि कानांची अशा या दोन परीक्षा वेगळ्याच घ्याव्या लागतात, कारण काही नावं फक्त लिहिल्यावर अडतात आणि काही फक्त ऐकल्यावर.

Tulja. जर्मनमध्ये j म्हणजे ‘य’, म्हणून तिकडून ‘टुल्या’ आलं. स्पॅनिशमध्ये j घशातून ‘ख’सारखा निघतो, म्हणून ‘तुल्खा’. अमेरिकनानं ‘टुल्जा’ म्हटलं. तिन्हींत ‘ळ’ गेला तो गेलाच, रोमनमध्ये त्याला जागाच नाही. वाईट अर्थ कुणालाच आठवला नाही, पण आईला तिच्या देवीचं नाव तिघांपैकी एकाच्याही तोंडून ओळखता आलं नाही. ती रेकॉर्डिंग ऐकून आई बराच वेळ बोलली नाही.

Ira. आपल्याकडे हे नाव हल्ली पुष्कळ मुलींचं असतं. दोनच अक्षरं, ना जोडाक्षर ना ‘ळ’, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की हे सोपं. जर्मनानं बरोबर ‘ईरा’ वाचलं. अमेरिकनानं ‘आयरा’ वाचलं आणि विचारलं, मुलगा आहे का? त्यांच्याकडे हे बायबलमधून आलेलं पुरुषाचं नाव आहे, गीतकार आयरा गर्शविन त्याच नावाचे. स्पॅनिश बाईनं उच्चार बरोबर केला, पण आठवलं काय तर ‘राग’. ira हा स्पॅनिशमध्ये संतापासाठीचा शब्द आहे, इटालियन आणि पोर्तुगीजमध्येही तोच, कारण तो थेट लॅटिनमधून आलाय. वहिनी म्हणाली, मग Eera लिहू. अमेरिकेपुरता तो उपाय चालतो. पण जर्मनमध्ये ee म्हणजे लांबवलेला ‘ए’, चहाला ते Tee लिहितात आणि ‘टे’ म्हणतात. म्हणजे Eera तिथे ‘एरा’ झालं. एका देशासाठी स्पेलिंग दुरुस्त केलं की ते दुसऱ्या देशात मोडतं, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा इतकी स्वच्छ दिसली.

मीरालाही तेच लागू होतं. आपण सवयीनं Meera लिहितो, ते जर्मन ‘मेरा’ वाचतो. Mira लिहिलं तर जर्मन आणि स्पॅनिश दोघंही ‘मीरा’च वाचतात. अमेरिकनानं एकदा अडखळून ‘मायरा’ म्हटलं, पण एकदा ऐकल्यावर पुन्हा चुकला नाही. मला तिथे ही खूण पटली: पहिल्या वाचनात चुकलं तरी चालेल, ऐकल्यानंतर चुकायला नको. अर्थाचं म्हणाल तर mira म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘बघ’. आई पोराला काही दाखवताना म्हणते तसं. रशियन वगैरे स्लाव्ह भाषांत mir हा शांततेचा शब्द आहे.

कागदावर Mira चढलं. पाळण्यात मी कानात सांगितलं ते तुळजा, आणि घरात तिला सगळे त्याच नावानं हाक मारतात, ‘ळ’ सकट. आईची तक्रार नाही. तुमची आहे, तर ती तुमच्यापाशी ठेवा.

प्रत्येक नावाचा कुठे ना कुठे वाईट अर्थ निघतो म्हणता. निघेल. म्हणूनच मी जगातल्या सगळ्या भाषा म्हटलंच नव्हतं, मोठ्या भाषा म्हटलं होतं, आणि त्यातही जिथे मूल जाण्याची शक्यता आहे त्या. चिनी माणूस तुमचं नाव नाहीतरी स्वतःच्या अक्षरांत नव्यानं लिहितो, तिथे रोमन स्पेलिंगचा त्रास वेगळा. यावर आणखी वाद घालायची माझी इच्छा नाही.

राहिला तुमचा नातू. क्षितिज हे नाव सुंदर आहे आणि कानाला कुठेही काही होत नाही. अडचण फक्त डोळ्यांची आहे, आणि ती तुम्हाला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. Kshitij लिहा आणि दुसऱ्या अक्षरापासून पाचव्यापर्यंत वाचा. इंग्रजीत तो विष्ठेसाठीचा शब्द आहे. शाळेतली पोरं तो शोधतातच, आणि यंत्रंही शोधतात. 1996 साली इंग्लंडमधल्या स्कंथॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खाती उघडता येईनात, कारण गावाच्या स्पेलिंगच्या पोटात एक शिवी दडलेली होती आणि गाळणी लावणाऱ्याला गाव ठाऊक नव्हतं.

दीक्षित आडनावाचे कितीतरी लोक ‘क्ष’ला x लावतात. Dixit लिहिलं की तो शब्द उरतच नाही. लक्ष्मीचंही Laxmi होतं. तुमच्याकडे ‘क्ष’ शब्दाच्या सुरुवातीला आहे, म्हणून Xitij लिहिलंत तर इंग्रज ते ‘झिटिज’ वाचेल, त्याच्याकडे सुरुवातीचा x ‘झ’सारखा होतो. Kxitij दिसायला अनोळखी आहे, पण तो शब्द मोडतो आणि ‘क’ जागेवर राहतो. मी असते तर तेच लिहिलं असतं. तुम्ही Kshitij च ठेवायचं म्हणाल तर तो तुमचा हक्क, फक्त माहीत असून ठेवा.

घाई मात्र करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, नावाची नाही. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली बाळाचं नाव नोंदीनंतर 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. महापालिकेच्या खिडकीशी जाल तेव्हा इंग्रजी स्पेलिंग स्वतः मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून न्या, समोरच्याला तोंडी सांगू नका. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून एकेक अक्षर बोटानं वाचा. माझ्या वेळी कुणी वाचलं नव्हतं.