आठ हजार चारशे नव्याव

काल जळगावात भर उन्हात सिग्नलला उभा होतो. शेजारी लाऊडस्पीकर लावलेली रिक्षा आली आणि माझ्याच आवाजात कूलर विकायला लागली: ‘फक्त आठ हजार चारशे नव्याव!’ नव्याव. मी आयुष्यात ‘नव्याव’ म्हटलेलं नाही.

झालं होतं असं. कूलरच्या दुकानाची तीस सेकंदांची जाहिरात, रीळसाठी आणि रिक्षासाठी. शेठनी मजकूर दिला शहाण्णव शब्दांचा. मराठी निवेदन सेकंदाला दोन-सव्वादोन शब्दांवर आरामात चालतं. म्हणजे हा ऐवज चव्वेचाळीस सेकंदांचा. हे शेठना कानाने पटावं म्हणून मी सगळा मजकूर सावकाश वाचून ती फाईल पाठवली. खरी जाहिरात मी बासष्ट शब्दांत बसवली होती. मग शेठचे मेहुणे आले.

मेहुण्यांची बाजार समितीत अडत. हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. माझी बासष्ट शब्दांची जाहिरात ऐकून म्हणाले, ‘इतलं हळू कोन आयकस रे भो?’ आणि खुर्चीतून उठून त्यांनी मिरचीचा लिलाव सुरू केला. खराखुरा. ‘साडेआठ साडेआठ नऊ नऊ सव्वानऊ’ करत टेबलाला बोली लावली, पंख्याला वाढवायला लावली आणि चहावाल्या पोराला माल विकून मोकळे झाले. ‘समजलं ना सगळं? मग?’

समजलं होतं, हीच तर पंचाईत! पण लिलावात ऐकणाऱ्याला पुढे आकडाच येणार हे माहीत असतं. त्याला फक्त बदललेला भाग पकडायचा असतो. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतली ती जोखमीची सूचनाही तशीच. लोकांना नीट ऐकू यावी म्हणून सेबीने 2008 मध्ये ती किमान पाच सेकंद दाखवायला आणि बोलायला लावली. तरी वाचणारे सुसाट सुटतात आणि आपल्याला ती कळते, कारण ती पाठ आहे. ओळखीचे शब्द पळवता येतात. दुकानाचं नाव, किंमत, पत्ता मात्र ऐकणारा पहिल्यांदा ऐकतो. तिथे जीभ थांबलीच पाहिजे.

‘अण्णा, तुमची मिरची ओळखीची आहे, हा कूलर नवा आहे,’ मी म्हणालो.

‘कूलर काय नवा? घरोघरी आहे!’

यावर काय बोलणार?

मग मी शॉट दाखवला. दोन सेकंदांचा. त्यावर शेठच्या मजकुरातलं वाक्य: ‘आमच्याकडे अत्याधुनिक तंत्रज्ञानयुक्त कूलर उपलब्ध आहेत.’ शब्द मोजले तर सहाच. पण जिभेला वीस अक्षरं उच्चारावी लागतात, आणि स्वच्छ बोलायचं तर सेकंदाला साधारण सहा निघतात. म्हणजे सव्वातीन सेकंद. मराठीत शब्द मोजणं फसवं, अक्षरं मोजावीत आणि कागदावरचीही नाही, बोललेली. ‘8,499’ कागदावर एक शब्द, तोंडात चार. त्या वाक्याच्या जागी मी ‘कूलर घ्या, झोप घ्या’ ठेवलं. पाच उच्चार, वर श्वासालाही जागा.

आता वेग. वेग चित्र देतं. दीड-दोन सेकंदांना कट पडत असला, की मध्यम बोलणंही धावल्यासारखं वाटतं. फक्त प्रत्येक वाक्य कटपाशी संपवायचं नाही, नाहीतर लग्नाचा अल्बम उलटल्यासारखं होतं. वाक्य कटवरून पलीकडे वाहू द्यायचं. आणि किंमत नेमकी कटवर सुरू करायची नाही. नवं चित्र बघण्यात डोळा गुंततो आणि पहिलं अक्षर हरवतं. पंचवीस फ्रेमच्या सेकंदात चार-पाच फ्रेम थांबून ‘आठ हजार’ म्हणायचं. फोन नंबर तर बोलायचाच नाही. दहा आकडे चार-पाच सेकंद खातात. तो पडद्यावर लिहायचा. रिक्षाला पडदा नाही, तिथे नंबराऐवजी चौकाचं नाव.

मेहुण्यांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि स्टॉपवॉच बंद केलं. ‘म्हणजे चौतीस शब्द तुम्ही खाल्ले.’

आणि त्यांनी ती चव्वेचाळीस सेकंदांची फाईल भाच्याकडून तीसमध्ये कोंबून घेतली. जवळजवळ दीडपट वेग. दहा टक्के दाबलं तर कुणाला कळतही नाही, पण सव्वापटीपुढे जोडाक्षरं मरायला लागतात. ‘नव्व्याण्णव’मध्ये तर दुसरं काही नाहीच. सॉफ्टवेअर आवाजाची पट्टी सांभाळतं, म्हणून आवाज चिरका होत नाही. माणूस मीच वाटतो, फक्त तोंडात गुटखा असलेला. श्वासही कापले होते, त्यामुळे ऐकणाऱ्यालाच धाप लागते.

परीक्षा सोपी असते. मजकूर न वाचलेल्या माणसाला शेजारच्या खोलीत बसवा, मिक्सर लावा, जाहिरात एकदाच ऐकवा आणि किंमत विचारा. सिग्नलवर माझ्या बाजूच्या स्कूटरवाल्या काकूंनी न विचारताच निकाल दिला. ‘काय विकून राहिला हा?’

बिलातून शेठनी चौतीस शब्दांचे पैसे कापलेत. शब्द मात्र शहाण्णवच्या शहाण्णव रिक्षात फिरताहेत. विचारलं तर म्हणाले, ‘ते भाच्याने बसवले ना.’ आणि आखाजीचा मजकूर आलाय. वीस सेकंद, एकशे दहा शब्द, दोन फोन नंबर.